माइक असेल तर जनरेटर लांब जातो

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लिफ्टच्या दाराशेजारी सूचनाफलक आहे. पाणीकपात, मेंटेनन्सची थकबाकी, गणपतीची वर्गणी, सगळं तिथेच लागतं. मागच्या थंडीत बारा तारखेच्या संध्याकाळी कामावरून आले तर फलकावर नवा कागद चिकटवलेला होता. मजकूर असा होता :

"सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, दि. १४ व १५ रोजी आपल्या सोसायटीच्या बी विंगमध्ये व गच्चीवर एका वेब सिरीजचे चित्रीकरण होणार आहे. वेळ सकाळी ९ ते रात्री ९. जनरेटर व युनिटच्या गाड्यांमुळे थोडी गैरसोय होण्याची शक्यता आहे. कंपाउंडमधील वाहने १३ तारखेच्या रात्रीपर्यंत अन्यत्र हलवावीत. चित्रीकरण चालू असताना शांतता राखावी. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

खाली निर्मिती संस्थेचा शिक्का होता. फोन नंबर नव्हता, सही कोणाची ते वाचता येत नव्हतं.

हा मजकूर मला तोंडपाठ आहे. मी चौदा वर्षं लोकेशन साउंडचं काम करते. चित्रीकरण चालू असताना जागेवरचा आवाज टिपणं हा माझा धंदा. अशा कागदांखाली उभं राहून मी कितीतरी इमारतींत बूम आणि केबल आत नेल्या आहेत. कागद कधी नीट वाचला नव्हता, कारण तो माझ्यासाठी नसायचा. या वेळी मी त्याच्या दुसऱ्या बाजूला होते. तिथून पाहिल्यावर माझं मत ठाम झालं, की ही नोटीस रहिवाशांना काहीच सांगत नाही, आणि जे सांगायला हवं ते युनिटला नक्की माहीत असतं.

सगळ्यात आधी जनरेटरचं सांगते, कारण खरा त्रास तिथे आहे आणि नोटिशीत त्याला एकच शब्द मिळतो.

चित्रीकरणाला लागणारे मोठे दिवे सोसायटीच्या मीटरवर चालत नाहीत, म्हणून जनरेटर व्हॅन येते. ती कुठे उभी करायची हे रेकीच्या, म्हणजे चित्रीकरणाआधी जागा पाहायच्या दिवशीच ठरतं. कॅमेरामन, दिव्यांचं काम सांभाळणारा गॅफर, प्रॉडक्शन मॅनेजर आणि साउंडचा माणूस जागेवर फिरतात तेव्हा त्यावर हमखास वाद होतो. गॅफरला जनरेटर जवळ हवा असतो. केबल जितकी लांब तितकं तिचं भाडं जास्त, टाकायला-गुंडाळायला वेळ जास्त आणि टोकाला व्होल्टेजही पडतं. साउंडवाल्याला तो लांब हवा असतो. कलाकार हळू आवाजात बोलत असताना मागे इंजिनची घरघर आली तर ते वाक्य वाया जातं. मी आजवर शंभर वेळा तरी म्हटलं असेल, "जनरेटर कोपऱ्यापलीकडे न्या, मध्ये एक इमारत येऊ दे." आणि सिंक साउंड असेल, म्हणजे सेटवर टिपलेला आवाजच शेवटी पडद्यावर जाणार असेल, तर माझं ऐकलं जातं. प्रॉडक्शन कुरकुरतं, पण दोनशे-तीनशे फूट केबल जास्तीची मागवतं.

सिंक साउंड नसेल तर? गाणं असेल, संवाद नसलेली दृश्यमालिका असेल, किंवा आवाज नंतर डबिंगला भरायचा असेल, तेव्हा सेटवर फक्त पायलट घेतात. पायलट म्हणजे डबिंगच्या वेळी कलाकाराला ओठ जुळवता यावेत म्हणून घेतलेला कच्चा आवाज. त्यात जनरेटर आला तरी कोणाचं काही बिघडत नाही. अशा दिवशी जनरेटर थेट इमारतीच्या पायथ्याशी येतो.

आमच्याकडे दोन दिवसांत हे दोन्ही प्रकार झाले. पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये संवादांचं काम होतं, सिंक साउंड होता. व्हॅन फाटकाबाहेर, गल्लीच्या वळणावर, आमच्या भिंतीपासून पन्नासेक मीटरवर उभी होती. दुसऱ्या दिवशी गच्चीवर संध्याकाळ आणि रात्रीची दृश्यं होती, सगळी संगीतावर जाणारी. साउंडचं युनिट आलंच नव्हतं. सकाळी सातला तीच व्हॅन कंपाउंडमध्ये आली आणि बी विंगच्या तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीसमोर उभी राहिली. खिडकी आणि व्हॅन यांच्यामध्ये चार मीटर अंतर होतं. मी खाली उतरून प्रॉडक्शनच्या मुलाला विचारलं, "दादा, काल बाहेर होती ना ही?" तो सरळपणे म्हणाला, "ताई, आज साउंड नाहीये. आणि सायलेंट जनरेटर आहे, काही आवाज नाही त्याचा."

तो खोटं बोलत नव्हता. सायलेंट हा त्या यंत्राचा प्रकार आहे. भोवती आवाज शोषणारं आवरण असलेल्या डिझेल जनरेटरला तो शब्द लावतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकानुसार हजार केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत चालतो. म्हणजे सायलेंट यंत्रसुद्धा एक मीटरवर ७५ डेसिबल करू शकतं आणि तरीही नियमात बसतं.

आता साधा हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ७५ असेल तर दोनवर ६९, चारवर ६३, आठवर ५७, सोळावर ५१ आणि बत्तीस मीटरवर ४५. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. तेव्हा यंत्र उत्तम स्थितीत असेल, जागा अगदी मोकळी असेल, तरीही रात्रीची मर्यादा पाळायला जनरेटर खिडकीपासून बत्तीस मीटर लांब हवा. सोसायटीची जागा मोकळी कधीच नसते. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसरीकडे इमारत, आवाज दोन्हींवर आपटून परत येतो. शिवाय उकाड्यात यंत्र तापू नये म्हणून ऑपरेटर आवरणाची दारं उघडी ठेवतो. मग ते सायलेंटही राहत नाही. हे ओळखायला काही साधन लागत नाही. व्हॅनची बाजूची दारं उघडी दिसली की समजायचं.

माझ्याकडे आवाज मोजायचं यंत्र आहे. रात्री सव्वादहाला मी आजींच्या खिडकीत ते धरलं. ६६ डेसिबल. वरच्या लोकांनी जेवणाची सुट्टी घेतली आणि जनरेटर वीस मिनिटं बंद झाला, तेव्हा त्याच खिडकीत ४९. आदल्या दिवशी व्हॅन वळणावर असताना मी ५१ मोजले होते. यंत्र तेच, इंधन तेच, काम करणारी माणसंही तीच. फरक फक्त एवढा की पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावर माइक होता आणि दुसऱ्या दिवशी नव्हता.

माइकसाठी जनरेटर पन्नास मीटर लांब जाऊ शकतो, म्हणजे तो जाऊ शकतो. त्यासाठी लागणारी केबल बाजारात मिळते, तिचं भाडं बजेटात बसतं, लागणारा वेळ वेळापत्रकात बसतो. मग चार मीटरवर झोपणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईसाठी तो का जात नाही? कारण माइकच्या बाजूने बोलणारा माणूस रेकीला हजर असतो आणि आजींच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. त्यांच्यापर्यंत पोचतो तो फक्त कागद, तोही सगळं ठरल्यावर. माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. 'थोडी गैरसोय' असं लिहायच्या आधी जनरेटरची जागा कुठेतरी ठरलेली असते. ती लिहा. "जनरेटर १४ तारखेला गल्लीच्या वळणावर, १५ तारखेला बी विंगच्या तळमजल्यासमोर" एवढं वाक्य नोटिशीत असतं, तर आजींच्या मुलाने बारा तारखेलाच कमिटीला फोन केला असता.

व्हॅनिटी व्हॅनचंही सांगायला हवं, कारण त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. नोटिशीत 'जनरेटर' एकवचनी असतो. पण व्हॅनिटीला स्वतःचा छोटा जनरेटर असतो आणि आतला एसी चालू ठेवण्यासाठी तो दिवसभर धडधडतो. आमच्याकडे दोन व्हॅनिटी होत्या. म्हणजे यंत्रं तीन होती. पहिल्या मजल्यावर राहणारी मुलगी एका रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येते. तिची झोप दिवसाची. तिच्या दृष्टीने नोटिशीतल्या 'रात्री ९' या मर्यादेला काहीच अर्थ नव्हता, आणि दोन व्हॅनिटी तिच्या खिडकीखालीच होत्या. मोठा जनरेटर लांब होता त्या दिवशीही ती झोपू शकली नाही. तिच्या घराखालची वाहनांची जागा रिकामी करून घेतली होती, ती या व्हॅनिटींसाठी.

आता वेळेकडे येते. 'सकाळी ९ ते रात्री ९' ही शिफ्टची वेळ आहे. आमच्या धंद्यात बारा तासांची शिफ्ट धरतात, नऊचा कॉल म्हणजे कॅमेरा नऊच्या आसपास तयार असावा. त्यासाठी लाइटचा टेम्पो सहाला लागतो, चहा-नाश्त्याची गाडी त्याच सुमारास. फ्लॅटमधलं फर्निचर बदलायचं असेल तर आर्टची माणसं आदल्या रात्रीच येतात. आमच्याकडे १३ तारखेला रात्री साडेनऊ ते साडेअकरा सोफे आणि कपाटं जिन्याने वर चढत होती. पॅकअप म्हणजे दिग्दर्शकाचं काम संपणं. त्यानंतर दिवे उतरवणं, स्टँड मिटवणं, केबल गुंडाळणं, सगळं टेम्पोत भरणं याला दीड-दोन तास सहज जातात, आणि लोखंडी स्टँड टेम्पोच्या पत्र्यावर टाकण्याचा आवाज जनरेटरपेक्षा जास्त दचकवतो. दुसऱ्या दिवशीचं पॅकअप सगळ्यात लांब, कारण उद्यासाठी मागे काही ठेवायचं नसतं. आमच्याकडे गच्चीवरचं काम नऊऐवजी साडेअकराला संपलं आणि शेवटची गाडी रात्री दीडला फाटकाबाहेर पडली.

म्हणून चित्रीकरणाची वेळ रहिवाशांच्या कामाचीच नाही. त्यांना पहिली गाडी कधी येणार आणि शेवटची कधी जाणार हे कळायला हवं. प्रॉडक्शन मॅनेजरकडे ते असतं, तो त्यावरच टेम्पो बोलावतो. दहानंतर काम जाणार असेल तर तेही आधी माहीत असतं, कारण रात्रीची दृश्यं दुपारी घेता येत नाहीत. आमच्या नोटिशीत गच्चीचा उल्लेख होता, रात्रीचा नव्हता. दहानंतर गच्चीवरून सहायक दिग्दर्शक मेगाफोनवर ज्युनिअर आर्टिस्टना हाका मारत होता. उघड्यावर ध्वनिवर्धकाला रात्री दहानंतर बंदी आहे. तिथे असलेल्या प्रत्येक सहायकाच्या कमरेला वॉकी-टॉकी होता.

पार्किंगबद्दल फार लांबवत नाही, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. नोटीस म्हणते, वाहने अन्यत्र हलवावीत. अन्यत्र म्हणजे कुठे? मुलुंड पूर्वेला रात्री दहानंतर गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्याला विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतल्याच एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की स्टिल्टखालची आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डरने वेगळी विकायची वस्तू नाही, ती सामाईक जागा आहे. सामाईक जागा दोन दिवसांसाठी भाड्याने देणार असाल तर जिची गाडी निघते तिला पर्यायी जागा लिहून द्या. जवळच्या पे-अँड-पार्कमध्ये युनिटच्या खर्चाने दोन दिवस, इतकं सोपं आहे. दुसरी गोष्ट रस्त्याची. सोसायटीची एनओसी फाटकाच्या आत चालते. बाहेरच्या गल्लीत पिवळे कोन ठेवून जागा अडवायचा अधिकार ना वॉचमनला आहे ना युनिटला. त्यासाठी पोलिसांची आणि महापालिकेची परवानगी लागते. ती परवानगी असेल तर तिची प्रत नोटिशीशेजारी लावायला कोणती अडचण आहे? आमच्याकडे पहिल्या दिवशी केटरिंगची गाडी फाटकाच्या अगदी तोंडाशी होती. संध्याकाळी सी विंगमध्ये एका काकांना दम लागला. रुग्णवाहिका बाहेर थांबली आणि स्ट्रेचर चालवत आत आणावा लागला. तीनेक मिनिटं गेली, काका बरे आहेत. पण अग्निशमनाची गाडी त्या फाटकातून आत येऊच शकली नसती.

याला उत्तर म्हणून मला जे ऐकवलं गेलं ते मी गांभीर्याने घेते, कारण त्यात तथ्य आहे. कमिटीतले एकजण म्हणाले, "दोन दिवसांचा प्रश्न आहे, सोसायटीला रंगकामाला पैसे मिळतायत." आणि माझ्याच क्षेत्रातले मित्र म्हणाले, "तूच असं लिहिलंस तर सोसायट्या दारं बंद करतील. मग स्पॉटदादांनी, लाइटमननी खायचं काय?"

दारं बंद व्हावीत असं मला मुळीच वाटत नाही. स्टुडिओतला खोटा फ्लॅट आणि खरा फ्लॅट यांत फरक असतो, खऱ्या खिडकीतून येणारा उजेड आणि खऱ्या जिन्यातला आवाज मलाही हवा असतो. पण दारं बंद करायला लावतो तो अनुभव. त्या दोन दिवसांनंतरच्या सभेत 'यापुढे चित्रीकरण नको' असा ठराव मांडला गेला तो कोणाच्या लेखामुळे नव्हे. कागदावर नऊ होते आणि गाडी दीडला गेली, म्हणून. रोजंदारीवरच्या लाइटमनचं काम जातं ते असं. रहिवासी रात्री बारा वाजता खाली उतरून भांडतात तेही त्याच्याशीच. ज्याने वेळ ठरवली तो तोवर घरी गेलेला असतो.

आणि पैशांचं म्हणाल तर ते सगळ्यांच्या फंडात जातात, त्रास बी विंगच्या खालच्या दोन मजल्यांना होतो. ए विंगचा माणूस हात वर करतो तेव्हा त्याच्या खिडकीखाली काही उभं राहणार नसतं. म्हणून निव्वळ कमिटीने करार करून नंतर नोटीस लावणं मला मान्य नाही. ज्यांच्या खिडक्यांसमोर यंत्र उभं राहणार त्यांना रेकीच्या दिवशी बोलवा, जागा दाखवा, त्यांचं ऐका. आजींनी विचारलं असतं, "मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ का नाही लावत?" तिथे खिडक्या नाहीत, फक्त पंपाची खोली आहे. मी नंतर जाऊन पाहिलं, व्हॅन तिथपर्यंत जाते. केबल साठ फूट जास्त लागली असती.

नोटीस ही कराराची प्रत असावी, आभारपत्र नव्हे. तिच्यात जनरेटरची जागा, व्हॅनिटीसह एकूण यंत्रं किती, पहिली गाडी कधी येणार, शेवटची कधी जाणार, रात्री दहानंतर काय चालू राहणार, आणि रात्रभर फोन उचलेल अशा एका माणसाचं नाव-नंबर असलं तर बाकी गोड भाषा नसली तरी चालेल. ती किमान आठवडाभर आधी लागावी, म्हणजे ज्याला त्या रात्री बहिणीकडे जाऊन झोपायचं आहे त्याला ते ठरवता येईल. आणि तेच मुद्दे करारात असावेत. अनामत रक्कम प्रत्येक युनिट देतं, पण ती फुटलेल्या फरशीसाठी राखलेली असते. दहानंतरच्या प्रत्येक तासासाठी तिच्यातून ठरलेली रक्कम कापली जाईल असं लिहिलं, तर वेळ कशी पाळली जाते ते पाहा. स्टुडिओत शिफ्ट वाढली की जास्तीचे पैसे भरायची युनिटला सवय आहेच.

नियम मोडला तर काय करायचं हेही लोकांना ठाऊक हवं. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रात्रीचे निर्बंध मोडले असतील, तर २००० च्या नियमांनुसार कोणीही तक्रार करू शकतो. फोनवरच्या आवाज मोजायच्या अॅपचा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही, पण जनरेटर चालू असताना आणि बंद असताना एकाच जागी मोजलं तर फरक पुरेसा कळतो. आमच्या खिडकीत तो सतरा डेसिबलचा होता. आधी मात्र नोटिशीवरच्या माणसाला फोन करावा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं, फक्त तो नंबर तिथे हवा.

ज्यात मीही इतकी वर्षं सामील होते ते सांगायचं राहिलं. 'चित्रीकरण चालू असताना शांतता राखावी' हे वाक्य नोटिशीत माझ्यासारखीसाठी घातलेलं असतं. कुकरची शिट्टी, पाण्याचा पंप, कुत्रं, खाली खेळणारी मुलं, सगळं थांबवायला आम्ही माणसं पाठवतो. लोक थांबवतात. एका घरी बाईंनी वरण-भाताचा कुकर अर्धा तास उतरवून ठेवला होता, जेवायला आलेली नातवंडं गप्प बसली होती. त्यांना कधीच कोणी सांगितलं नव्हतं, की टेक किती मिनिटांचा असतो. तो दोन-तीन मिनिटांचा असतो. आम्ही "रोल" म्हणतो तेव्हा खाली कळवलं असतं, तर त्यांचा कुकर मध्येच चढला असता.

गेल्या महिन्यात ठाण्याला एका जुन्या सोसायटीत रेकी होती. सिंक साउंड नव्हता, मला फक्त पायलटसाठी बोलावलं होतं. गॅफरने नेहमीप्रमाणे पोर्चकडे बोट दाखवलं. मी पोर्चपासून जवळच्या खिडकीपर्यंत पावलं मोजली, सहा भरली. मग वॉचमनला विचारलं, या खिडकीमागे कोण झोपतं. त्याला माहीत नव्हतं. आम्ही बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंच्या कडेवर तान्हं बाळ होतं. गॅफरने बाळाकडे पाहिलं, मागे वळून फाटकाकडे पाहिलं आणि प्रॉडक्शन मॅनेजरला म्हणाला, "दोनशे फूट केबल जास्त लिही."